मोबाईलमधली पाच पोरं

आमच्या वारूळवाडीच्या घराच्या पडवीत मी बरीच वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांची शिकवणी घ्यायचे. संध्याकाळी शाळेतून आलेली पोरं दप्तरं टाकून पसरायची आणि अंधार पडेपर्यंत घरात आवाज असायचा. यजमान गेल्यानंतर तर मी त्या आवाजाचीच वाट बघायचे. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती. बाकी कोणी नव्हतं.

मग हिवाळ्याच्या तोंडावर उसात बिबट्या दिसला. आधी एकाचं वासरू गेलं, मग शेजारच्या वस्तीवर कुत्रं. मुलांची घरं मळ्यात, येण्याची वाट उसामधून. एका मुलाचा बाप मोटरसायकल उभी करून दारातूनच म्हणाला, "बाई, पोरं आता नाय पाठवत. जीवावरचं काम हाय. तुमी मोबाईलवर घ्या की शिकवणी."

मुलीने फोनवरून कसं जोडायचं ते शिकवलं. मी पडवीत मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून बसले. पाच चौकटी उघडल्या. एकीत छताचा पंखा, एकीत कोणाचं तरी कपाळ. मी नेहमीसारखं म्हटलं, "चला, दोनाचा पाढा, सगळे मिळून." आणि जो गोंधळ उडाला! प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचत होता. एकाचं दोन चोक आठ झालं तेव्हा दुसरा दोन दुणे चारवर. तिसरा उठून गेलाच. थोड्या वेळाने नुसत्या रिकाम्या खाटा आणि भिंती बघत मी एकटीच पाढा म्हणत होते.

त्या आठवड्यात मी बरंच डोकं लढवलं. एकत्र म्हणणं बंद केलं. सगळ्यांचे माईक बंद, एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी ओठ हलवत टाळ्या वाजवायच्या. सांगणं कमी, उठवणं जास्त. 'क'पासून सुरू होणारी वस्तू घरातून शोधून आणा म्हटलं, तर कांदा आला, कुलूप आलं आणि एकाने काखेत धरून जिवंत कोंबडी आणली. ती कॅमेऱ्यासमोर फडफडली तेव्हा पाचही पोरं लोळून हसली. ताटात सहा वस्तू मांडायच्या, वर फडकं टाकायचं, खालून एक काढून घ्यायची आणि विचारायचं, काय गेलं? त्या खेळात तर कोणी पापणीही लववायचं नाही. कधी मी चित्र नुसतं शब्दांत सांगायचे, चौकोन काढा, त्यावर त्रिकोण, उजवीकडे झाड, आणि मग सगळ्यांनी एकदम पाट्या दाखवायच्या. एक मुलगा सारखा 'क' पुसायचा. "बाई, उलटा दिसतोय." त्याला सांगावं लागलं की फक्त तुझ्याच चौकटीत उलटा दिसतो, आम्हाला सरळच दिसतोय. एक खेळ रेंगाळायला लागला की दुसरा, मध्येच उभं राहून उड्या, आणि पोरं जांभया द्यायच्या आत बंद.

पाचवी चौकट एका मुलीची होती. ती आळे गावाच्या पलीकडच्या मळ्यात राहायची. आमच्यातल्या एका मुलाची मामेबहीण, मोबाईलवर आहे म्हणून सामील झालेली. आजोबा फोन धरून बसायचे. ती सगळं करायची, वस्तू आणायची, पाटी दाखवायची, पण माईक कधी उघडायची नाही. मी विचारलं की अंगठा वर. खेळ तू घे म्हटलं की मान खाली. आजोबा म्हणायचे, "घरात लई बोलती. भायेर नाय." मी आग्रह सोडून दिला.

एक दिवस मी नवा खेळ काढला. घरातल्या दुसऱ्या माणसाची वस्तू आणायची, ती कोणाची हे बाकीच्यांनी प्रश्न विचारून ओळखायचं. आणणाऱ्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. एकाने बापाचे चिखलाचे गमबूट आणले, एकीने धाकट्या भावाची कुंची, एकाने काकूची लिपस्टिक आणली आणि मागून काकूचा आवाज आला, "अरं ठेव ती!" ती मुलगी आजोबांचा तंबाखूचा बटवा घेऊन आली. सगळ्यांनी पहिल्याच फटक्यात ओळखलं.

मग कोंबडीवाला म्हणाला, "बाई, आता तुमची पाळी."

मी उठले. खोलीत गेले, कपाट उघडलं. यजमानांचे कपडे तेराव्यानंतर गरजूंना दिले होते. चष्मा, घड्याळ मुलीने नेलं होतं. तिची जुनी दप्तरं, फ्रॉक, तेही कधीचे गेले. खुंटीवर माझी साडी, न्हाणीघरात माझा ब्रश. दाराशी दोन चपलांचे जोड होते, दोन्ही माझेच. घर आवरताना मी ते किती नीट रिकामं केलं होतं हे मला तोवर कळलंच नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्याला धरून मी उभी राहिले. पोरं वाट बघताहेत हे माहीत होतं.

तेवढ्यात पडवीतून एक बारीक, अनोळखी आवाज आला. "बाई येईस्तवर मी सांगते. पिवळं काय तरी आणा. पळा!"

मी दाराआडून पाहिलं. पाचव्या चौकटीतला माईक उघडा होता. ती मुलगी गुडघ्यांवर उभी राहून हात हलवत होती. चार चौकटी रिकाम्या झाल्या, मग एकेक करून भरल्या. हळदीचा डबा, लिंबू, झेंडूचं फूल. "तू हळू आलास. परत जा," ती एकाला म्हणाली, आणि तो खरंच परत गेला. मी पुढे झाले असते तर ती मिटली असती. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले.

शेवटी ओट्यावर मला शेजारच्या काकूंची वाटी दिसली, परवा त्यांनी पिठलं दिलं होतं ती. तीच घेऊन बसले. पोरं प्रश्न विचारून हरली. मी सांगितलं, "शेजारच्या काकूंची."

"त्या तुमच्या घरात राहत्यात?" कोंबडीवाल्याने विचारलं.

"नाही."

"मग नाय चालणार. घरातल्या माणसाची पायजे व्हती. तुमच्या घरात कोण हाय?"

मी वाटी खाली ठेवली. पाचही तोंडं माझ्याकडे बघत होती.

"चालतंय," ती मुलगी म्हणाली. "बाईंनी आणली ना. चालतंय."

त्यानंतर रोजचा शेवटचा खेळ तीच घ्यायची.

ऊस तुटला, रानं मोकळी झाली. वनखात्याच्या पिंजऱ्यात एक मादी सापडली. भीती पुरती गेली नाही, पण पालक मोटरसायकलवरून पोरांना पडवीत आणून सोडू लागले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. फक्त त्या मुलीला वारूळवाडी लांब पडत होती. पडवीतल्या पोरांसमोर मोबाईल ठेवून बघितला, पण एका जागी चौघं ओरडली की तिला काहीच ऐकू जाईना, आणि तिच्याकडे कोणी बघेना. मग मी तिच्या एकटीसाठी वेगळी वेळ धरली. पण दोघींत खेळ कसला? ती म्हणायची, पिवळं आणा, आणि मी एकटीच उठून आणायचे. हरवायला कोणी नाही, चिडवायला कोणी नाही. पुढे पुढे तिचा माईक पुन्हा बंद राहू लागला.

आजोबांचा फोन आला. "बाई, राग मानू नका. एकटीला नाय रमत तिला."

"राग कसला," मी म्हटलं. "तिला द्या ना जरा."

फोन तिच्याकडे गेलेला कळला, श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "शाळेत मैत्रिणींना घे हे खेळ. तुला सगळे येतात."

ती म्हणाली, "हां." आणि फोन ठेवला गेला.

आता पडवी भरलेली असते. तेच खेळ घेते, पोरं मळ्यापर्यंत ऐकू जाईल असा दंगा करतात. दिवस मावळायच्या आत मोटरसायकली येतात, एकेकाला उचलून नेतात. शेवटची गाडी वळणावर दिसेनाशी झाली की मी सतरंजी झटकते आणि आत येऊन दिवा लावते.