साखर, पाणी आणि होऊ घातलेला जिल्हा

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोनच विषय होते: जिल्हा आणि माझी साखर. आमचं गाव जिल्ह्याचं ठिकाण व्हावं म्हणून एक समिती निघाली होती. माझे सासरे, म्हणजे अप्पा, तिचे अध्यक्ष होते. मार्केट यार्डातल्या त्यांच्या आडतीच्या दुकानात धान्य नव्हतं, कारण शेतात काही पिकलंच नव्हतं. रिकाम्या गादीवर बैठका मात्र भरपूर व्हायच्या. जिल्हाधिकारी कार्यालय कुठल्या माळावर बांधायचं यावरून दोन तट पडले होते. टँकर दहा दिवसांनी यायचा, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं, म्हणून त्याची चर्चाही होत नसे.

मी अहमदपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. उशिरा लग्न आणि पहिलं बाळंतपण. सहाव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी प्यायले, दोन तासांनी रक्त दिलं आणि गरोदरपणातला मधुमेह निघाला. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी दोन आठवडे आहारावर ठेवलं. ज्वारीची भाकरी मोजून, भात वाटीभर, दिवसाचं खाणं सहा वेळांत वाटून, जेवणानंतर गच्चीवर फेऱ्या. घरी बोटाला सुई टोचून साखर बघायचं यंत्र आणलं. जेवल्यावर दोन तासांनी एकशे वीसच्या खाली, सकाळी उपाशीपोटी पंचाण्णवच्या खाली, एवढं साधायचं होतं. जेवणानंतरचा आकडा बऱ्यापैकी ऐकू लागला. सकाळचा मात्र एकशे चार, एकशे आठ असा अडून बसला. रात्रभर काही न खाता साखर वाढते कशी, याचं सासूबाईंना शेवटपर्यंत कोडंच राहिलं. मी चोरून खाते, असा त्यांचा सभ्य संशय होता.

पुढच्या तपासणीला अप्पा स्वतः बरोबर आले. निवेदन द्यायला जातात तसे, पांढरी टोपी घालून.

"मॅडम, सुनबाईला गोळी द्या," ते बसायच्या आधीच म्हणाले. "मी वीस वर्षं घ्यायलोय. मेटफॉर्मिन. लई गुणाची गोळी हाय. सुई नको. सुई एकदा लागली की सुटत न्हाई."

"अप्पा, तुमची साखर आणि यांची साखर वेगळी आहे," बाई म्हणाल्या. "यांची बहुतेक बाळंतपणानंतर जाईल. सुई पण त्याच दिवशी सुटेल."

मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचं एक मला आवडायचं. त्या घाबरवायच्या नाहीत आणि गोंजारायच्याही नाहीत.

"इन्सुलिन वारेतून बाळापर्यंत जात नाही, म्हणून आम्ही ते पहिलं धरतो. गोळी जाते. आतापर्यंत पाहिलेल्या मुलांना तिनं व्यंग वगैरे झालेलं दिसत नाही. पण ती मुलं मोठी झाल्यावर काय, हे अजून बघणं चालू आहे. काही मुलं पुढे थोडी जाड दिसली, एवढं माहीत आहे. आणि गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणींना पुढे इन्सुलिन जोडावंच लागतं. तुमची उपाशीपोटीची साखर चढी आहे, म्हणजे तुम्ही त्यांतल्या असाल असं मला वाटतं."

"आणि इन्सुलिनचं वाईट काय?"

"टोचून घ्यावं लागतं. जास्त झालं किंवा जेवण लांबलं तर साखर एकदम उतरते. आणि ते उन्हात टिकत नाही. घरी फ्रीज आहे?"

फ्रीज होता. वीज नव्हती. आमच्याकडे त्या वर्षी फ्रीज हे पुस्तकं ठेवायचं कपाट झालं होतं, निदान माझ्यापुरतं. बाहेर पारा चाळिसावर. मी गोळी निवडली. बाई म्हणाल्या, "ठीक. पण दोन आठवडे. आकडे उतरले नाहीत तर हट्ट करायचा नाही." अप्पा गाडीत बसताना एखादं निवेदन मंजूर झाल्यासारखे दिसत होते.

गोळी जेवणाबरोबर घ्यायची होती, थोड्यापासून सुरू करून वाढवत न्यायची. पहिल्याच आठवड्यात पोटानं आपलं मत मांडलं. मळमळ आणि जुलाब. बाईंनी आधी सांगितलं होतं, बऱ्याच जणींचं काही दिवसांत बसतं. पण त्यांनी हे पाणी असलेल्या जगातलं सांगितलं होतं. आमच्या घरात संडासला जायचं म्हणजे बादली, आणि बादली म्हणजे भांडी किंवा आंघोळ यांपैकी एकाचं मरण. मी दिवसातून चार-पाच वेळा बादली घेऊन परसात जाताना अप्पा ओसरीवरून बघायचे आणि समितीत पाण्याच्या प्रश्नावर बोलायचे.

आठवड्याभरात पोट जरा निवळलं. मग गोळ्यांची पाकिटं संपली आणि औषधाचं दुकान बंद. अप्पांनी मोठ्या मनानं आपलं पाकीट पुढे केलं.

"हीच ती. घे."

मला वाचायची खोड आहे, सामोशाचा कागदसुद्धा सोडत नाही. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात मेटफॉर्मिनच्या जोडीला दुसऱ्या औषधाचं नाव होतं. बाईंना फोन लावला.

"मुळीच घेऊ नका. ती मिश्र गोळी आहे. त्यातलं दुसरं औषध साखर खेचून खाली आणतं, गरोदरपणात आम्ही ते देत नाही. एक वेळ चुकली तर चुकू दे."

वीस वर्षं आपण काय गिळतो आहोत हे अप्पांना त्या दिवशी कळलं. त्यांनी पाकीट चष्म्याजवळ नेलं, लांब धरलं, आणि खिशात घातलं. म्हणाले, "डॉक्टरनं मला इचारलं न्हाई."

दोन आठवड्यांनी सकाळचा आकडा एकशे दोन. सोनोग्राफीत बाळाचं पोट त्याच्या डोक्याच्या मानानं जरा पुढं पळत होतं. आईच्या रक्तातली जादा साखर बाळाकडे जाते, मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि गुबगुबीत होतं. ऐकायला छान वाटतं. पण बाळंतपणात खांदा अडकू शकतो, आणि जन्मल्यावर आईकडची साखर बंद झाली तरी बाळाचं इन्सुलिन चालूच राहतं, त्यामुळे बाळाची साखर घसरते. "आता इन्सुलिन," मी स्वतःच म्हणाले. गोळी चालू ठेवून इन्सुलिन जोडता आलं असतं. मी परसातली बादली आठवली आणि गोळी बंद करायला सांगितली.

राहिला प्रश्न थंडाव्याचा. बाई म्हणाल्या, बर्फात घालायचं नाही, गोठलं की वाया. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि कुपी पाणी न शिरणाऱ्या डबीत. जास्तीची कुपी गावातल्या औषध दुकानदाराच्या फ्रीजमध्ये, त्याच्याकडे जनरेटर होता.

"म्हंजे याला बी पाणी लागतं," अप्पा म्हणाले.

"भाजी धुतलेलं चालेल," मी म्हणाले. "वाळूला पिण्याचं कशाला?"

ते हिशेबी व्यापारी. मडक्याचं तांब्याभर वापरलेलं पाणी आणि गोळीच्या चार-पाच बादल्या, हे गणित त्यांनी मनात मांडलं असावं. संध्याकाळी स्वतः वाळू चाळून आणली. दुसऱ्या दिवसापासून समितीतलं कुणी घरी आलं की ते मडकं दाखवायचे आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात असंच करावं म्हणायचे. जे रुग्णालय अजून माळावरही नव्हतं.

जेवणाआधी अर्धा तास एक इन्सुलिन आणि झोपताना दुसरं. पोटाला, दर वेळी जागा बदलून. पहिल्या दिवशी डोस तीनदा मोजून पाहिला, चौथ्या दिवशी कणीक मळताना जितका विचार करते तितकाही करेना. दहा दिवसांत, दोनदा डोस वाढवल्यावर, सकाळचा आकडा नव्वदच्या आत आला. बाळाचं हलणं रोज लक्ष देऊन बघायचं, कमी वाटलं तर लगेच लातूर. ते हललं, भरपूर हललं.

नवव्यात डोहाळजेवण ठरलं. अप्पांनी त्याला जिल्ह्याच्या मागणीची जोड दिली. एका पुढाऱ्याला बोलावलं. नांदेडहून आई आली. साडेबाराला पंगत, म्हणून मी बाराला इन्सुलिन टोचून घेतलं. साडेबाराला पुढारी आले. ते पंगतीला बसतील या समजुतीत होते सगळे. ते माइकला भिडले.

मराठवाड्यावरचा अन्याय निजामापासून सुरू झाला. मी इतिहास शिकवते, त्यामुळे मला माहीत होतं की अजून बरीच शतकं बाकी आहेत. हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत बसले होते. आधी हात कापले, मग घाम फुटला, मग पुढाऱ्यांचे दोन पुढारी दिसू लागले. एकच पुरेसा होता. पिशवीतलं यंत्र काढलं. बासष्ट.

ओटीच्या ताटात साखरेची वाटी होती. मी ती उचलली, तीन चमचे तोंडात घातले आणि वर पाणी प्यायले.

"अगं बाई! साखरेची पेशंट साखर खायलीय!" एक चुलत सासू ओरडली.

"म्हटलं नव्हतं मी?" सासूबाई. त्यांचा अनेक महिन्यांचा संशय अखेर साक्षीदारांसह सिद्ध झाला होता.

"साखर उतरली आहे," मी म्हणाले. "आत्ता चढवायची असते. आणि मला जेवायला हवंय, आत्ता."

आई ताट आणायला उठली, पण पंगत पाहुण्याच्या आधी वाढायची कशी म्हणून वाढपी थबकले. आणि अप्पा उठले. ज्या पुढाऱ्याला आणण्यासाठी त्यांनी महिनाभर मुंबईला फोन केले होते, त्याच्या हातून त्यांनी माइक काढून घेतला.

"सायेब, जिल्हा नंतर. आधी सुनबाईचं जेवण. वाढा रे!"

पंधरा मिनिटांनी यंत्रात अठ्ठ्याण्णव. समोर भाकरी, वरण, पालेभाजी. पुढारीही जेवले, चांगले जेवले, आणि भाषण अर्धंच टाकून गेले. समितीतल्या दुसऱ्या तटानं पुढे हे अप्पांविरुद्ध वापरलं. अध्यक्षपद गेलं.

एकोणचाळिसावा आठवडा भरल्यावर लातूरला कळा आणवल्या. कळा चालू असताना तासातासाला माझी साखर बघत होते. मुलगी झाली, तीन किलोच्या थोडी आत, खांदे कुठेही न अडवता. अर्ध्या तासात तिला अंगावर पाजलं, आणि मग नर्सनं तिच्या टाचेतून थेंब काढला.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "जरा कमी आहे. रंग चांगला, हातपाय चांगले. परत पाजा, तासानं पुन्हा बघू. तरी नाही चढली तर आत ठेवू."

तो तास मी काही विनोदी विचार केला नाही. तिला पाजलं. अप्पा दारात उभे होते, आत यायची हिंमत न करता. आई त्यांना बसा म्हणत होती, ते बसत नव्हते.

पुन्हा टाच. पुन्हा थेंब.

"किती?" अप्पा दारातून.

"त्रेसष्ट," नर्स म्हणाली. "छान. पाजायच्या आधी अजून काही वेळा बघू."

"आणि सुनबाईची सुई?"

"ती सकाळीच बंद झाली की. आता सहा आठवड्यांनी एकदा तपासायचं, आणि पुढे दरवर्षी."

"सुटली?" अप्पांनी मला विचारलं.

"सुटली," मी म्हणाले.

त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि नर्सला विचारलं की गोळ्यांच्या पाकिटामागची अक्षरं वाचून दाखवणारं इथं कुणी आहे का. पाकीट त्यांच्या खिशातच होतं.