सुपारी फुटायच्या आधी

राजारामपुरीत व्हिसाची कामं करणारी क्रांती तोंडाची फटकळ. गिऱ्हाईक रागावून उठून गेलं तरी चालेल, पण खोटी आशा लावायची नाही, हा तिचा खाक्या. त्या दिवशी मात्र समोर गिऱ्हाईक नव्हतं. तिच्या भाचीची, प्रियाची सुपारी फुटणार होती.

"प्रिया अमेरिकेतबी फिजिओथेरपीची नोकरी करंल की," नवऱ्या मुलाची आई म्हणाली.

क्रांतीनं अडकित्ता आपल्याकडं ओढला आणि नवऱ्या मुलाकडं, विजयसिंहकडं वळली. "पावणं, तुमचा एच-वन बी, नोकरीचा व्हिसा, म्हंजे हिला एच-फोर, बायकोचा. त्यावर नुसतं राहता येतं, नोकरी करता येत न्हाई. तुमच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज मंजूर झालाय?"

"अजून केलाच नाही," विजयसिंह पुटपुटला.

"मग हिला कामाचा परवाना मागताच येत न्हाई. कधी येईल, ते मीबी सांगू शकत न्हाई."

"चांगल्या कामात खोडा घालायला बसलाय व्हय?" त्याची आई कडाडली.

प्रियानं विजयसिंहकडं बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"लग्नानंतर सांगणार होतो."

प्रियानं तबकातली सुपारी उचलून त्याच्या आईच्या हातावर ठेवली. "न्या ही. जिला घरात बसायचंय, तिच्या दारात फोडा."