पडद्यावर दिसेल त्याला मार्क

राग मला अजून येतो, आणि सगळ्यात आधी माझाच येतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याची बँकेतली बदली लखनऊला झाली म्हणून मी साताऱ्याहून तिथं गेले आणि निशातगंजच्या एका शाळेत नववीला सामाजिक शास्त्र शिकवू लागले. प्रिन्सिपलसाहेब कुठल्याशा शिबिराहून आले आणि त्यांनी फर्मान काढलं, यंदा प्रोजेक्ट म्हणजे व्हिडिओ. पाचजणांचा गट, पाच मिनिटांची फिल्म, प्रत्येकाला वीसपैकी मार्क. ज्याला जास्त मार्क, तो शहराच्या प्रदर्शनाला जाणार. मार्क कशावर द्यायचे हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फार शहाणी ना मी!

कॅमेरा होता एकाच मुलाच्या घरी. सगळे गट तोच आळीपाळीने नेत. त्याच्या स्वतःच्या गटानं भाजीबाजारावर फिल्म केली. कॅसेट लावली तर पडद्यावर तोच, हातात माइक घेऊन भाजीवाल्यांना प्रश्न विचारतोय. मला आवडली. त्याला अठरा दिले. गटातल्या एका गप्प मुलीचं नाव शेवटच्या पाटीवर ‘सहयोग’ म्हणून दोन सेकंद आलं. तिला आठ. दिसलं तेवढं मोजलं मी, आंधळीसारखं.

पंधरा दिवसांनी वह्या तपासताना तिची वही हातात आली. मागच्या पानांवर चौदा प्रश्न. कोणत्या हातगाडीवर सकाळी ऊन चेहऱ्यावर येतं, कोणता भैया बोलका आहे, कुठे कॅमेरा जवळ न्यायचा, सगळं लिहिलेलं. फिल्ममधला शब्द न् शब्द तिचा होता. मी तिला बोलावून विचारलं, तू का नाही बोललीस?

ती म्हणाली, “मैम, कैमरा उसका था ना. उसकी मम्मी ने कह दिया था कि दिखेगा वही.”

गटातल्या बाकीच्या तिघांनाही हे ठाऊक होतं. ज्याचा कॅमेरा त्याची फिल्म, हे त्यांना इतकं साहजिक वाटलं की कुणी तोंडही उघडलं नाही. मी तडक प्रिन्सिपलच्या खोलीत गेले. मार्क बदला म्हटलं, प्रदर्शनाला तिला पाठवा म्हटलं. ते म्हणाले, रजिस्टर ऑफिसात गेलं, त्या मुलाचं नाव कळवून झालं, “मैडम, अगली बार ध्यान रखिए.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चूक तर मीच करून ठेवली होती, भांडायला कुठल्या तोंडानं भांडणार?

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. नवरा म्हणाला, “अगं, कॅमेऱ्याला मार्कच ठेवू नकोस, माणसांना ठेव.” तसंच केलं. गटाचे आठ: माहिती खरी आहे का, आवाज ऐकू येतो का, वेळेत बसते का. प्रत्येकाचे बारा: आपल्या कामाचे सहा, रोज काय केलं त्या नोंदवहीचे तीन, वर्गासमोर आपल्या कामावरच्या प्रश्नांना उत्तर देण्याचे तीन. पूर्ण मार्क कशाला, निम्मे कशाला, तेही लिहिलं. कामं पाच: लेखन, कॅमेरा, आवाज, मुलाखत आणि तुकड्यांची जुळणी. कामं चिठ्ठ्या टाकून वाटायची, पण एकेक मिनिट कॅमेरा सगळ्यांनी चालवायचा. आणि हा कागद शूटिंगच्या आधीच मुलांच्या हातात.

दुसऱ्या टर्मच्या चिठ्ठ्यांत त्या मुलाला आवाजाचं काम आलं. त्याची आई दुसऱ्याच दिवशी शाळेत हजर. कैमरा हमारा और बेटा पीछे खड़ा होकर आवाज़ सँभालेगा? मी म्हटलं, कॅमेरा घरी ठेवा, आम्ही दुसरीकडून बघू, पण चिठ्ठी बदलणार नाही. त्या मुलानं मात्र काम चांगलं केलं. हॉर्न वाजला की “रुको” म्हणायचा आणि पुन्हा घ्यायला लावायचा. सगळा दोष पोराच्या माथी मारून मी मोकळी होणार नव्हते.

पण त्याआधी, कागद वर्गात वाटला त्या दिवशी, त्या मुलीनं तो दोनदा वाचला आणि हात वर केला.

“मैम, इससे पिछली वाली भी जाँचेंगी?”

“नहीं,” मी म्हटलं. “वो नंबर जा चुके हैं.”

“अच्छा,” म्हणाली आणि खाली बसली.

घरी येऊन मी तिच्या जुन्या फिल्मला नवा कागद लावून बघितला, नोंदवहीच्या जागी तिच्या वहीची ती मागची पानं धरली, वर्गासमोरच्या उत्तरांचे तीन सोडले. सतरा येत होते. मी तो आकडा खोडून टाकला. तिला सांगितला नाही, धीरच झाला नाही.