बडेबाबूंची पेन्सिल आणि माझी पाच परिच्छेदांची मेल

मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे आपल्याला लिहिता येतं असा माझा ठाम समज होता. तो मोडला मेहकर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, भर दुपारी, आमच्या कार्यालयाच्या मोठ्या टेबलावर. मोडणारे होते तिथले मुख्य लिपिक. त्यांना सगळे बडेबाबू म्हणायचे. मी त्यांची आजन्म ऋणी आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

झालं असं. बारावीची हॉल तिकिटं आली आणि कला शाखेची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. रोज बसने यायची, मागच्या बाकावर बसायची, हात वर करायला लाजायची. तिनं हॉल तिकीट पुढे केलं.

"मॅडम, याच्यावर इतिहास हाय. मी त अर्थशास्त्र घेतलं होतं. इतिहासाचं पुस्तकही नाही मायाजवळ."

तिला कळायच्या आधीच मला कळलं होतं की चूक माझी होती. बोर्डाकडे अर्ज गेल्यावर नावांची आणि विषयांची एक प्री-लिस्ट तपासायला येते. वर्गशिक्षिका म्हणून ती मी तपासली होती. आमच्या वर्गात अगदी सारख्या नावाच्या दोन मुली होत्या. नाव तेच, वडलांचं नाव तेच, आडनाव तेच. फक्त आईचं नाव वेगळं. एकीचा इतिहास, दुसरीचं अर्थशास्त्र. यादीत दोघींपुढे इतिहास होता. मी नाव पाहिलं, एकीचा इतिहास आठवला आणि दोन्ही ओळींपुढे टिक मारून सही ठोकली.

दुरुस्ती विभागीय कार्यालयातून व्हायची होती आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या मेलवरून रीतसर विनंती जायला हवी होती. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहा, तुमची भाषा चांगली आहे." मी लिहिली. चांगले पाच परिच्छेद लिहिले. पहिल्यात ग्रामीण भागातल्या शिक्षणाची आमची तळमळ. दुसऱ्यात मुलीची गुणवत्ता आणि तिचा रोजचा प्रवास. तिसऱ्यात अर्ज भरण्याच्या दिवसांत वीज आणि नेट यांनी मांडलेला छळ. चौथ्यात नामसाधर्म्यातून उद्भवलेली परिस्थिती. पाचव्यात सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. पाठवली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चार दिवसांनी उत्तर आलं: नेमकी कोणाची, कोणती दुरुस्ती हवी ते स्पष्ट कळवावे. बस. तेव्हा गुरुवार होता आणि अर्थशास्त्राचा पेपर येत्या सोमवारी. मला त्या अधिकाऱ्याचा असा राग आला! एवढं सविस्तर लिहिलंय, वाचायला काय होतं याला? मी मेल छापली आणि बडेबाबूंच्या टेबलावर आदळली.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "मॅडम, लिवलं लय सुंदर. पण हे वाचून त्या मानसानं कराचं काय?"

"दुरुस्ती!"

"कशाची? तुमच्या नेटची?"

मी तणतणले. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "त्याच्याकडं आज अशा शंभर मेला आल्या असतील. त्याले बैठक क्रमांक पायजे. तुमच्या मेलीत बैठक क्रमांक हायच नाही. पेपर कोणत्या दिवशी, तेही नाही. आन चूक कोनाची, हे त पाच परिच्छेदात शोधूनबी नाही सापडलं मले."

माझे कान तापले. कारण त्यांनी बरोबर नस पकडली होती. ती वीज, ते नेट, ती तळमळ, सगळं मी माझी टिक झाकायला रचलं होतं. आणि त्या ढिगाखाली पोरीचं वर्ष दबलं होतं.

"माफी एका ओळीत मांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "पाच परिच्छेद मांगत बसल्यावर पोरगी पेपरले कवा बसंल?"

मी तिथेच लहान मेल लिहायला बसले. रागारागात सगळं कापलं आणि तीन ओळींवर आणलं: बैठक क्रमांक, इतिहासाऐवजी अर्थशास्त्र, पेपर सोमवारी. घ्या, म्हटलं, आता तरी समाधान?

बडेबाबूंनी तोवर माझ्या जुन्या मेलवर पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. जिथे काही माहिती होती तेवढ्याच शब्दांखाली रेघ. पहिले दोन परिच्छेद जवळजवळ कोरे होते. आता त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि एकेक रेघ नव्या मेलमध्ये शोधून तिच्यावर टिक मारत गेले. चौथ्या परिच्छेदावर त्यांचा हात थांबला.

"दुसरी पोरगी कुठं गेली?"

"ती कशाला? तिचं तर बरोबरच आहे."

"म्हनूनच पायजे. तो मानूस नाव टाकून शोधंल, त्याच्यापुढं दोन येतील. घाईत दुसरीचा इतिहास काढला म्हंजे? मॅडम, फालतू काढाचं, कामाचं नाही."

मी खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली. मग आम्ही दोघांनी मिळून ती मेल लिहिली. विषयाच्या जागी टाकलं: बारावी कला, बैठक क्रमांक अमुक, विषय दुरुस्ती, पेपर सोमवारी. आणि खाली एवढंच:

"वरील विद्यार्थिनीच्या हॉल तिकिटावर इतिहास आला आहे, त्याऐवजी अर्थशास्त्र करावे. प्री-लिस्ट तपासताना वर्गशिक्षिकेकडून ही चूक झाली, क्षमस्व. याच नावाची दुसरी विद्यार्थिनी आमच्याकडे आहे, बैठक क्रमांक तमुक, आईचे नाव वेगळे. तिचा इतिहास बरोबर आहे, तो बदलू नये. दुरुस्त हॉल तिकीट शनिवारपर्यंत मिळावे, ही विनंती. सोबत प्रवेश अर्ज, अकरावीची गुणपत्रिका व प्राचार्यांचे पत्र."

खाली प्राचार्यांचं नाव आणि फोन नंबर. "वर्गशिक्षिकेकडून" हा शब्द टाइप करताना माझी बोटं अडखळली, हे कबूल करते. पण तो लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बडेबाबू खिडकीबाहेर बघत बसले. सभ्य माणूस.

शुक्रवारी सकाळी विभागीय कार्यालयातून फोन आला. प्राचार्यांनी तो माझ्या हातात दिला. पलीकडे एक बाई होत्या.

"दुरुस्ती झाली, दुपारी डाउनलोड करून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि मॅडम, बरं झालं ती दुसऱ्या मुलीची ओळ लिहिली. तुमच्या पहिल्या मेलवरून मी अंदाजानं तिचंच नाव उघडून ठेवलं होतं."

मी त्यांचे दोनदा आभार मानले. फोन ठेवून बडेबाबूंना सांगितलं, तर ते "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

सोमवारी अर्थशास्त्राच्या पेपरनंतर ती लाजरी मुलगी मला फाटकाशी भेटली. न विचारताच म्हणाली, "मॅडम, सगळे प्रश्न सोडवले." तिनं हे सांगावं म्हणून मी तासभर उन्हात उभी होते, पण ते तिला कळू दिलं नाही.

आणि तिच्या नावाची ती दुसरी? इतिहासाच्या पेपराच्या दिवशी ती मैत्रिणींशी खिदळत, पॅड हलवत माझ्या समोरून वर्गात गेली. आपल्या जागेवर बसली आणि पेपर लिहायला लागली. तिला कशाचाच पत्ता नव्हता.