आबांची जीप आणि समर्थचा हट्ट

रंगनाथ आबांनी जीप मागं घेतली ती थेट सुनेच्या उडदावरून. अंगणात वाळत घातलेल्या उडदाची गिरणीला न जाताच डाळ झाली.

घाई नातवाची होती. सहा वर्षांचा समर्थ मोबाईलसाठी ओट्यावर हातपाय आपटत होता आणि त्याची आई सुकन्या शेजारीच गवार मोडत बसली होती. न बोलता, न रागावता. आबांना ते बघवेना. पाथर्डी रस्त्यावर जीप चालवणारा माणूस. जगातल्या सगळ्या दुःखांवर त्यांच्याकडं गाडी हेच औषध. पोराला उचललं आणि वेशीपर्यंत फिरवून आणलं.

"उडदाचं काय न्हाई, आबा," सुकन्या म्हणाली. "पन लई वरडलं की जीप मिळती, हे शिकवलंत तुमी त्याला. दसरा झाला की आमी दोघं नवरा-बायकू ऊसतोडीला जानार. घरात असं दोन कायदे असले, तर मी समर्थला फडावर नेते."

फडावर म्हणजे शाळा बुडाली. आणि आबांचं घर ओस.

म्हणून सुकन्याच्या पुढच्या खेपेला आबाही तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. ताटं फेकणं, चावणं, प्रत्येक गोष्टीला 'न्हाई' हे समर्थचं महिनोन्‌महिने चाललं होतं, तेव्हापासून सुकन्या तिथल्या समुपदेशक सत्यशीला मॅडमकडं जात होती. मॅडम पोराऐवजी आईबापालाच शिकवायच्या. आबांना हेच पटत नव्हतं : दुखतंय बैलाला, औषध गाडीवानाला.

"आबा, आज तुम्ही समर्थ व्हा," मॅडम म्हणाल्या.

आबा मनापासून ओरडले, टेबल बडवलं, खाली बसकण मारली. सुकन्या खिडकीबाहेर बघत राहिली. आबा थोड्या वेळानं आपणच थांबले.

"कोन बघतच न्हाई, तर वरडून करू काय?"

"थांबलात ते बरं केलंत, आबा," सुकन्या लगेच वळून म्हणाली. आबांना उगाच बरं वाटलं.

"कौतुक असं तिथल्या तिथं करायचं," मॅडम म्हणाल्या. "सांगायचं ते एकदाच, शांतपणे. त्याला किंवा दुसऱ्याला लागेल असं काही करायला लागला, तर मात्र थांबवायचं. आणि सुरुवातीला हट्ट वाढेल. तेव्हाच नमलात, तर तो अजून पक्का होईल."

वाढलाच. त्याच संध्याकाळी समर्थला जीपची फेरी हवी होती.

"आज न्हाई," आबा म्हणाले.

चप्पल भिरकावली गेली. समर्थ असा ओरडला की शेजारच्या कडूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आजा हाय का दगड?"

"दगडच हाय," आबा म्हणाले आणि जाग्यावरून हलले नाहीत. एका डोळ्यानं पोर ओट्यावरून पडत तर नाही ना, एवढंच बघत राहिले.

हुंदके कमी झाले. समर्थनं नाक पुसलं आणि चप्पल जागेवर नेऊन ठेवली.

"चप्पल आपनहून ठेवलीस. लई ग्वाड केलंस, समर्थ," आबा म्हणाले. पोरगं येऊन त्यांना चिकटून बसलं.

आबांनी सुनेकडं विजयी नजरेनं पाहिलं. "आता ठेवतीस ना त्याला माझ्यापाशी?"

"एका संध्याकाळवर न्हाई, आबा, दसऱ्यापत्तुर रोज असंच वागा, मग सांगते."