अकरा गाणी आणि एक रिकामी जागा

माझ्या आतेभावाइतका क्रमाला चिकटून राहणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात झाला नसेल. आरमोरीच्या घरी तो आधी वरण-भात, मग भाजी आणि शेवटी चटणी खायचा. कोणी चटणी आधी वाढली, तर ती बाजूला सारण्याऐवजी ताटच बदलून मागायचा. पण त्याचा खरा क्रम गाण्यांचा होता. घरी चावीचा ग्रामोफोन होता आणि बाजाराच्या दिवशी दुपारी तो बारा गाणी लावायचा. दोन भावगीतं, मग एक लावणी, पुन्हा दोन भावगीतं, पुन्हा लावणी. मी एकदा गंमत म्हणून तिसऱ्या जागी भावगीत लावलं, तर हा धानाच्या बांधावरून धावत आला. "भाऊ, हे काय करून राह्यला? आता सगळंच पह्यल्यापासून लावा लागन!" आणि खरोखरच लावलं. शेवटची लावणी होती पैंजण हरवलेल्या बाईची. ती सुरू झाली की आत्या स्वयंपाकघरात भांडी आपटायची. "बंद कर ते तमाशाचं!"

पुढे वनशास्त्र शिकायला त्याला स्कॉटलंडला जायची शिष्यवृत्ती मिळाली. सागवानाच्या पेटीत धानाचा कोंडा भरून त्याने सगळ्या तबकड्या सोबत नेल्या. बंदरावर हमालाच्या हातून पेटी सुटली. लाखेच्याच त्या तबकड्या, उरले ते काळे तुकडे. त्यानंतरची त्याची पत्रं वाचवत नसत. 'इथी चार वाजताच अंधार पडते. अभ्यासात मन लागत नाई. मार्चमध्ये परत येतो.' आत्याला वाचता येत नव्हतं; ती रोज विचारायची, "काय लिहिलं त्यानं?" मी सांगायचो, "थंडी आहे म्हणतो."

मग एका हवाई पत्रात नुसती यादी आली. गाण्यांची नावं नव्हतीच. 'चौथं : ज्याच्यात दुसऱ्या कडव्याले सुई अटकते ते. सातवं : ज्याच्या आधी तबलेवाला खाकरते ते.' मी नागपूरच्या दुकानात उभा राहून दुकानदाराला खाकरून दाखवलं. आठ गाणी तिथे मिळाली. तीन अहेरीच्या लग्नांत लाऊडस्पीकर लावणाऱ्याकडून, खूप मनधरणी करून. पैंजणाची लावणी मात्र कुठेच नव्हती. ती तबकडी निघायची बंद झाली होती.

मी अकरा गाण्यांच्या तबकड्या बोटीच्या टपालाने पाठवल्या. त्या पुन्हा फुटायला नकोत म्हणून सगळी गाणी क्रमाने एकाच फितीवर घ्यायला त्याने कॉलेजातल्या एका प्राध्यापकाचा टेपरेकॉर्डर मागून आणला. वसतिगृहातल्या ग्रामोफोनसमोर मायक्रोफोन ठेवायचा, दर गाण्याला नवी सुई लावायची, गाणं संपलं की फीत थांबवायची. शेजारी कोणी दार आपटलं की गाणं पुन्हा पहिल्यापासून. फितीच्या एकाच बाजूवर गाणी घेतली, कारण जुळवताना ब्लेडने फीत कापली असती तर मागच्या बाजूचं गाणंही कापलं गेलं असतं. आणि शेवटच्या लावणीसाठी त्याने कोरी फीत जोडली. बरोबर तीन मिनिटांची. ती मोजायला वसतिगृहाच्या लांबलचक व्हरांड्यात अंथरली आणि दोन्ही टोकांना पोरं उभी केली. 'अकरा गाणी आयकतो,' त्याने लिहिलं, 'अन् मंग तीन मिनिटं चूप बसतो. तेवढंच अवघड जाते. मार्चचं तिकीट पाहून राह्यलो.'

हे पत्र मी आत्याला पहिल्यांदाच पूर्ण वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.  मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "लिहून घे. पन कोनाले सांगू नोको." आणि आत्याने ती लावणी, चारही कडवी, एक शब्द न चुकता सांगितली. एवढंच नाही, कुठे ढोलकी थांबते, कुठे गाणारी बाई श्वास घेते, तेही हाताने सुपावर थाप मारून दाखवलं. भांडी आपटत आपटत तिने सगळं ऐकलं होतं!

तो कागद मी हवाई टपालाने त्याला पाठवला. पुढचं पत्र महिन्याने आलं. ती कोरी तीन मिनिटं त्याने स्वतःच लावणी गाऊन भरली होती. ढोलकी म्हणून एका वेल्श पोराने पत्र्याची पेटी बडवली. 'माहा आवाज बेकार आहे, पन जागा भरली. यादी पुरी झाली.' तिकिटाचा उल्लेख नव्हता. तो दोन वर्षं राहिला आणि पास होऊन आला.

स्टेशनवर आत्याने आधी हेच विचारलं, "काऊन रे, ते फीत कुठी आहे?"

तो जरा ओशाळला. आईला तो बाईच म्हणायचा. "बाई, मी निघालो त्या दिवशी भंडाऱ्याकडचं एक पोरगं आलं तिथी. नुसतं खिडकीतून पाहत बसलं होतं. त्याले देऊन आलो."

 आत्या घरी येईपर्यंत पदराने डोळे पुसत राहिली, आणि हसतही होती. आपल्या मुलाने गायलेली ती लावणी तिने कधीच ऐकली नाही. आम्हीही नाही. पण कुठल्या तरी परक्या खोलीत, चार वाजताच्या अंधारात, कोणी तरी ती ऐकत असेल असं मला अजून वाटतं.