साठ दिवसांवरची झाकणं

पारमिता बेळगावात कुकरचे सुटे भाग पुरवणाऱ्या वितरकाकडे ऑर्डरी सांभाळते. सोमवारी रिपोर्ट पाहून मालक सिद्रामअण्णा खूश झाले. चालू महिन्यातल्या ऑर्डरींचा पंच्याण्णव टक्के माल वेळेवर गेला होता.

"पण अण्णा, बेळगुंदीच्या दुकानदार सुलाबाईंची झाकणांची ऑर्डर साठ दिवसांच्या वर रखडलीया," पारमिता म्हणाली. "झाकणं आली की आपण नव्या, मोठ्या ऑर्डरींनाच देतोय, म्हणून टक्का चांगला दिसतोय."

"मग आज आल्यात ती आधी त्यांना दे."

"नव्या ऑर्डरी थांबतील. टक्का घसरंल."

"घसरू दे गं!"

संध्याकाळी बेळगुंदीच्या दुकानातून सुलाबाईंचा फोन आला. "पोरी, झाकणं मिळाली! आता गिऱ्हाईकाला तोंड दाखवाय लाज न्हाय."

महिनाअखेर टक्का ब्याण्णववर आला. अण्णांनी तो हसतच फळ्यावर लिहिला.